एसीचा रिमोट दाद देत नाही तेव्हा: सेलच्या पत्र्यांपासून नव्या रिमोटच्या कोडपर्यंत

पावसाळा लागला की कोकणातल्या बऱ्याच घरांत एसी बंद होतो, तो थेट पुढच्या मार्चमध्येच सुरू केला जातो. मधल्या आठ-नऊ महिन्यांत रिमोट कपाटाच्या खणात किंवा खिडकीच्या कट्ट्यावर पडून असतो, सेल आतच राहिलेले असतात, आणि उकाड्याच्या पहिल्या दुपारी बटण दाबले की एसी ढिम्म हलत नाही. गेल्या वर्षी रत्नागिरीला माझ्या मावशीच्या घरी नेमके हेच झाले. रिमोटच्या पडद्यावर २४ हा आकडा स्वच्छ दिसत होता, त्यामुळे रिमोट ठीक आहे असे तिने गृहीत धरले. मेकॅनिकला फोन केला, तर त्याने एसी न पाहताच आतला सर्किट बोर्ड गेला असणार असे सांगून काही हजारांचा खर्च ऐकवला. प्रत्यक्षात बोर्डाला काहीही झालेले नव्हते. दोन अगदी साधे बिघाड एकावर एक चढले होते आणि दोन्ही घरातल्या वस्तूंनी दूर झाले. ते कसे शोधले, त्या क्रमानेच हा लेख लिहिला आहे, कारण या कामात क्रम चुकला की माणूस चांगली वस्तू बदलून बसतो.

पडद्यावर आकडे दिसणे म्हणजे रिमोट चालू असणे नव्हे

एसीचा रिमोट अवरक्त किरणांनी काम करतो. त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो. बटण दाबले की तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अतिशय वेगाने, साधारणपणे सेकंदाला ३८ हजार वेळा, चालू-बंद करतो आणि या लुकलुकण्याच्या छोट्या-मोठ्या तुकड्यांतून निरोप पाठवतो. भिंतीवरच्या युनिटमधला सेन्सर तो प्रकाश टिपतो आणि ‘बीप’ करतो. नेहमीच्या रिमोटच्या बाबतीत हा संवाद एकतर्फी असतो. एसीकडून रिमोटला काहीही परत येत नाही. त्यामुळे पडद्यावर जे दिसते तो एसीचा हालहवाल नसतो. रिमोटने काय पाठवले, किंवा पाठवले असे त्याला वाटते, एवढेच ते असते.

याहून महत्त्वाची गोष्ट विजेची आहे. पडद्याला चालायला नगण्य वीज लागते. एलईडीला मात्र प्रत्येक ठोक्याला त्याच्या हजारो पट वीज लागते. म्हणून सेल उतरले किंवा त्यांच्या टोकांवर गंज चढला, तर पडदा महिनोन्‌महिने ठणठणीत दिसत राहतो आणि एलईडी मात्र पेटत नाही किंवा मिणमिणता पेटतो. मावशीच्या रिमोटची फसवणूक इथेच होती, आणि माझ्या अनुभवात ‘रिमोट चालतोय पण एसी घेत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. टीव्हीचा रिमोट ‘आवाज वाढव’ एवढेच सांगतो. एसीचा रिमोट मात्र सहसा प्रत्येक दाबाला सगळी मांडणी एकदम पाठवतो, म्हणजे चालू की बंद, कूल की ड्राय, किती अंश, पंख्याचा वेग किती, झडप हलती की स्थिर. त्यामुळे एखादा निरोप मध्येच हुकला तरी पुढच्या दाबाला एसी पुन्हा ताळ्यावर येतो. याच कारणाने दुसरा रिमोट वापरला की पहिल्याच दाबात पंख्याचा वेग, तापमान असे सगळे एकदम बदलते. ती बिघाडाची खूण नव्हे.

दोष रिमोटचा की युनिटचा, हे आधी ठरवावे

काहीही उघडण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्यांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे युनिटवरचे हाताने दाबायचे बटण. स्प्लिट एसीची पुढची झाकणी दोन्ही बाजूंना धरून वर उचलली की बहुतेक युनिटांत उजव्या बाजूला एक छोटे बटण सापडते. त्याच्याजवळ AUTO किंवा EMERGENCY असे लिहिलेले असते. काही युनिटांत ते खालच्या कडेला बारीक छिद्राच्या आत असते आणि काडीने दाबावे लागते. ते एकदाच, क्षणभर दाबून सोडावे. दाबून धरून ठेवू नये, कारण बऱ्याच मॉडेलांत पाच-सहा सेकंद दाबून धरले की एसी तपासणीसाठीच्या सक्तीच्या कूलिंगमध्ये जातो, आणि त्याचा घरच्या वापरात काही उपयोग नसतो. थोड्या वेळात पंखा फिरू लागला, तर वीज येते आहे आणि बोर्ड जिवंत आहे. बटण दाबूनही काहीच झाले नाही, तर रिमोटकडे पाहण्यात अर्थ नाही. आधी एमसीबी, स्टॅबिलायझर आणि भिंतीवरचा स्विच तपासावा. कॉम्प्रेसर मात्र लगेच सुरू होत नाही. वीज आल्यानंतर त्याला साधारण तीन मिनिटे मुद्दाम थांबवलेले असते, त्यामुळे गार हवेची वाट पाहत निकाल ठरवू नये. या बटणामुळे एक तात्पुरती सोयही होते: रिमोटचा प्रश्न सुटेपर्यंत रात्र निभावून नेता येते.

दुसरी गोष्ट म्हणजे बीप. रिमोटचे बटण दाबल्यावर एसी बीप करतो पण खोली गार होत नाही, असे असेल तर रिमोट निर्दोष आहे. अशा वेळी पडद्यावरचे चिन्ह पाहावे. सूर्याचे चिन्ह म्हणजे हीट, थेंबाचे म्हणजे ड्राय आणि हिमकणाचे म्हणजे कूल. कुलपाचे चिन्ह दिसत असेल, तर मुलांसाठीचे लॉक लागले आहे आणि रिमोट बटणांना दादच देणार नाही. हे लॉक बहुधा तापमान वाढवण्याची आणि कमी करण्याची बटणे एकत्र दोन-तीन सेकंद दाबून सुटते, पण काही रिमोटांवर त्यासाठी वेगळे बटण असते.

तिसरी गोष्ट म्हणजे मोबाइलचा कॅमेरा, आणि इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण ही चाचणी चुकीची करून चांगले रिमोट फेकून दिलेले मी पाहिले आहेत. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी बऱ्याच कॅमेऱ्यांना दिसतो. तो पडद्यावर पांढरट-जांभळ्या ठिपक्यासारखा उमटतो. मात्र मागच्या कॅमेऱ्यांना बहुधा हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचा, म्हणजे पुढचा, कॅमेरा वापरावा. आपला कॅमेरा हे दाखवतो की नाही, याची खात्री आधी चालू असलेल्या टीव्हीच्या रिमोटवर करून घ्यावी. मग खोलीत अंधार करावा, एसीच्या रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर चार बोटांवर धरावे आणि तापमानाचे बटण पुन्हा पुन्हा दाबावे. टीव्हीचा रिमोट बटण दाबून ठेवले तोवर लुकलुकत राहतो. एसीचा रिमोट मात्र एका दाबाला एकदाच, पापणी लवेल इतक्या वेळात निरोप पाठवतो आणि थांबतो. म्हणून बटण दाबून धरून ‘काहीच दिसत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा ठरण्याची शक्यता फार.

ठिपका अजिबात दिसला नाही, तर दोष रिमोटमध्ये किंवा त्याच्या सेलमध्ये आहे. ठिपका टीव्हीच्या रिमोटइतका ठळक दिसला, तर संशय युनिटच्या सेन्सरकडे वळतो. फिका दिसला, तर सेल आणि पत्रे. या चाचणीची मर्यादाही सांगून ठेवतो: प्रकाश पडतो एवढेच कॅमेरा सांगतो, तो योग्य गतीने लुकलुकतो की नाही हे त्याला कळत नाही. रिमोट जोरात आपटल्यावर गती ठरवणारा आतला छोटा भाग निखळला किंवा तडकला, तर ठिपका दिसूनही एसी काहीच ऐकत नाही. रिमोट पडल्याचे आठवत असेल, तर ही शक्यता मनात ठेवावी.

घरात अवरक्त एलईडी असलेला मोबाइल असेल, तर निकाल आणखी पक्का होतो. रेडमीच्या अनेक फोनांत तो वरच्या कडेला असतो आणि Mi Remote या अ‍ॅपमध्ये एसीचा ब्रँड निवडून बटण दाबता येते. फोनने एसी चालला, तर युनिटचा सेन्सर शाबूत आहे. मग पैसे रिमोटवरच खर्च करायचे.

मावशीकडे हाताच्या बटणाने एसी सुरू झाला. टीव्हीच्या रिमोटचा ठिपका कॅमेऱ्यात लख्ख दिसला, एसीच्या रिमोटचा मात्र दिसलाच नाही. म्हणजे निदान पहिला दोष तरी तिच्या हातातच होता.

सेल आणि त्यांचे पत्रे

एसीच्या रिमोटमध्ये सहसा दोन बारीक पेन्सिल सेल, म्हणजे ट्रिपल ए, असतात. नवा सेल १.५ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो. घरी मल्टिमीटर असेल आणि सेल १.३ व्होल्टच्या खाली दाखवत असेल, तर तो बाद समजावा, पण १.४ दाखवणारा सेलही निर्दोष असेलच असे नाही, कारण मीटर मोकळ्या सेलचा दाब मोजतो आणि एलईडी पेटताना तो दाब कोसळू शकतो. मीटर नसेल तर काहीच अडत नाही. पाकिटातले नवे दोन सेल घालून पाहणे हीच सर्वांत भरवशाची चाचणी आहे. दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदलावेत. एक नवा आणि एक जुना असे घातले, तर जुना पूर्ण रिता होऊन पाझरू शकतो. पुन्हा चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचेच असतात. काही रिमोटांवर ते चालतात, काहींवर पल्ला कमी होतो, म्हणून दोष शोधताना तरी ते वापरू नयेत.

सेल काढताना खोबणीकडे नीट पाहावे. मावशीच्या रिमोटमध्ये एका सेलच्या चपट्या टोकाला, म्हणजे ऋण बाजूच्या स्प्रिंगवर, हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड जमली होती आणि स्प्रिंगचा खालचा वेढा त्या पुडीत बुडाला होता. ही बुरशी नव्हे, सेलमधून पाझरलेले रसायन. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येते. हवेशी संयोग होऊन त्याची पांढरी पूड होते आणि तांबे-पितळेच्या संपर्कात तिला हिरवट-निळी छटा येते. हे रसायन त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत आणि पूड फुंकून उडवू नये.

साफसफाई अशी करावी. सेल काढल्यावर खोबण जमिनीकडे उलटी धरून सुटी पूड कागदावर झाडून घ्यावी. कान साफ करायची कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून नीट पिळून घ्यावी. व्हिनेगर नसेल तर गाळलेला लिंबाचा रस चालतो. ती स्प्रिंगवर आणि पत्र्यावर टेकवली की हलका फेस येतो, कारण आम्ल त्या क्षारीय पुडीला निकामी करत असते. फेस थांबेपर्यंत दोन-तीन काड्या बदलाव्यात. काडी ओली असावी, ठिबकणारी नसावी. स्प्रिंगच्या खाली बहुधा लगेच सर्किटची पट्टी असते आणि तिथे आम्ल गेले तर गंज आतून वाढत जातो. त्यानंतर पाण्याने जेमतेम ओलसर केलेल्या काडीने आम्ल पुसून काढावे आणि शेवटी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हात फिरवावा. ते नसेल तर रिमोट उघडा ठेवून पंख्याखाली दोन-तीन तास वाळू द्यावा.

रिमोटसोबत येणारे साधे, स्वस्त सेल अल्कलाइन नसतात. ते झिंक-कार्बनचे असतात आणि त्यांचा पाझर आम्लाकडे झुकणारा असतो. तिथे व्हिनेगरने फेस येत नाही. अशा वेळी चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यात काडी बुडवावी आणि मग वरच्याप्रमाणेच पुसून वाळवावे. सेलच्या आवरणावर ‘अल्कलाइन’ लिहिले आहे की नाही, एवढे पाहिले की कोणता उपाय करायचा ते ठरते.

पुडीखालचा पत्रा काळपट किंवा खरखरीत राहिला असेल, तर पेन्सिलचे खोडरबर त्यावर घासावे. त्यानेही भागले नाही, तर अगदी बारीक पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवावा. त्यापलीकडे जाऊ नये, कारण पत्र्यावर चमकदार मुलामा असतो आणि तो खरवडून गेला की खाऱ्या हवेत दोन महिन्यांत पुन्हा गंज धरतो. मालवण, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या घरांत सेल पाझरले नसले तरीही पत्र्यांवर मंद, मळकट थर चढलेला आढळतो. तो डोळ्यांना फारसा दिसत नाही, पण खोडरबर फिरवल्यावर कळतो, कारण रबर काळे होते.

स्प्रिंग दबून बसली असेल, तर ती चिमट्याने अलगद दोन मिलिमीटर ओढून घ्यावी. सेल बसवल्यावर तो बोटाने गरगर फिरवून पाहावा. सहज सैल फिरत असेल, तर दाब पुरेसा नाही. स्प्रिंग गंजून तुटली असेल, तर मात्र ती पुन्हा डागावी लागते. हे काम टीव्ही दुरुस्त करणारा माणूस काही मिनिटांत करतो.

साफसफाईनंतर सेल लगेच घालू नयेत. रिमोट सेलविना ठेवून कोणतेही एक बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली उरलीसुरली वीज निघून जाते आणि गोठलेला रिमोट नव्याने सुरू होतो. काही रिमोटांवर RESET लिहिलेले बारीक छिद्र असते. सेल घातल्यावर तिथे टाचणीचे बोथट टोक क्षणभर दाबावे. यानंतर पडद्यावरचे आधीचे टायमर आणि तापमान पुसले जाते, यात नवल नाही.

मावशीच्या रिमोटचा ठिपका साफसफाईनंतर कॅमेऱ्यात दिसू लागला. तिने उभे राहून, हात वर करून युनिटच्या जवळून बटण दाबले आणि एसीने बीप केले. पण पलंगावरून, जेमतेम साडेतीन मीटरवरून, काहीच नाही. चांगला रिमोट सात-आठ मीटरवरून सहज चालतो. म्हणजे दुसरा दोष अजून बाकी होता.

काही बटणेच चालत नसतील तर

तापमानाचे बटण चालते पण चालू-बंदचे चालत नाही, अशी तक्रार असेल, तर सेलचा किंवा सेन्सरचा संबंध नसतो. रबरी बटणाच्या खाली काळा कार्बनचा ठिपका असतो. तो खालच्या सोनेरी किंवा काळ्या पट्ट्यांना टेकला की बटण लागते, आणि त्यांच्यामध्ये हाताचे तेल, धूळ किंवा सांडलेल्या चहाचा थर आला की लागत नाही. सेलच्या खोबणीत बहुधा एक स्क्रू असतो. तो काढून जुने प्लास्टिकचे कार्ड दोन अर्ध्यांच्या सांध्यात सरकवत नेले की कड्या एकेक करून सुटतात. पट्ट्या आणि कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावेत; कार्बनचा ठिपका घासू नये, तो निघून येतो. उघडल्यावर पुढच्या एलईडीच्या दोन पायांकडेही एक नजर टाकावी. रिमोट पडला असेल, तर एखादा पाय डागाच्या जागी हललेला दिसतो.

सेन्सरची खिडकी

भिंतीवरच्या युनिटमध्ये आकडे जिथे उमटतात, त्याच्या शेजारी, बहुधा उजव्या बाजूला, काळसर किंवा धुरकट प्लास्टिकचा छोटा भाग असतो. अवरक्त प्रकाश त्यातूनच आत जातो. तिथे धूळ आणि स्वयंपाकाच्या तेलाचा थर बसला, तर जवळून निरोप पोहोचतो आणि लांबून पोहोचत नाही. मावशीची झोपायची खोली स्वयंपाकघराला लागून आहे, आणि खिडकीवर बोट फिरवल्यावर बोटाला चिकट, पिवळसर थर लागला.

एमसीबी बंद करूनच हे काम करावे, आणि उभे राहायला डगमगती खुर्ची नको, पक्के स्टूल घ्यावे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घालून मऊ फडके बुडवावे, घट्ट पिळावे आणि खिडकी पुसून लगेच कोरड्या फडक्याने टिपावी. काच पुसायचा फवारा युनिटवर मारू नये, कारण तो फटीतून आतल्या बोर्डावर उतरतो. थिनर किंवा पेट्रोलने प्लास्टिक कायमचे धुरकट होते. युनिट नवे असेल, तर कारखान्यातली पातळ संरक्षक फिल्म किंवा ताऱ्यांचे मोठे स्टिकर खिडकीवरच राहिले आहे का, तेही पाहावे. घराला नुकताच रंग दिला असेल, तर रंगाचे शिंतोडे शोधावेत.

खिडकी स्वच्छ असूनही पल्ला कमी असेल, तर खोलीतल्या प्रकाशाकडे वळावे. थेट ऊन सेन्सरवर पडत असेल किंवा निकृष्ट चोक असलेला दिवा जवळ असेल, तर त्याच्या लुकलुकण्यात रिमोटचा निरोप हरवतो. तपासणी सोपी आहे: पडदे ओढून सगळे दिवे बंद करावेत आणि त्याच जागेवरून पुन्हा बटण दाबावे. अंधारात चालला आणि एक ठरावीक दिवा लावल्यावर बंद पडला, तर गुन्हेगार सापडला. जोरदार गडगडाटानंतर किंवा विजेच्या चढउतारानंतर एसी अचानक रिमोट ऐकेनासा झाला असेल, तर एमसीबी पाच मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करावा. बोर्ड गोंधळून अडकला असेल, तर एवढ्याने सुटतो.

हे सगळे करूनही हाताच्या बटणाने एसी चालतो, खात्रीच्या रिमोटने किंवा मोबाइलने चालत नाही, तेव्हाच सेन्सर बिघडला असे म्हणावे. हा तीन पायांचा छोटासा भाग असतो आणि बहुतेक युनिटांत तो आकड्यांच्या छोट्या पट्टीवर बसवलेला असतो. तो बदलायला मेकॅनिकच लागतो, पण त्याला ‘मुख्य बोर्ड नको, रिसीव्हर किंवा डिस्प्लेची पट्टी तपासा’ असे नेमके सांगता आले, तर खर्चात मोठा फरक पडतो.

मावशीकडे खिडकी पुसल्यावर पलंगावरूनच बीप आले. तिचे काम तिथे संपले असते, पण जुलैत तिच्या नातवाने तोच रिमोट पाण्याच्या बादलीत टाकला आणि नवा घ्यावा लागला.

नवा रिमोट: ‘जोडणी’ म्हणजे योग्य कोड

दुकानात ‘रिमोट पेअर करावा लागेल’ असे सांगतात, आणि तो शब्द नवख्या माणसाला घाबरवतो. अवरक्त रिमोटमध्ये ब्लूटूथसारखी जोडणी नसते. एसीला कोणता रिमोट आपला हे ठाऊकच नसते. ज्याची भाषा समजते त्याचे तो ऐकतो. म्हणून त्याच नमुन्याचा मूळ रिमोट आणला, तर सेल घालण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. एक अपवाद सांगतो. एकाच खोलीत दोन एसी असतात तेव्हा काही कंपन्यांच्या युनिटांना आणि रिमोटांना ए किंवा बी असा पत्ता देऊन ठेवलेला असतो. नवा रिमोट बहुधा ए वर असतो. त्यामुळे बी वर लावलेले युनिट त्याचे ऐकणार नाही, आणि तो पत्ता बदलायची रीत त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावी लागते.

मूळ रिमोट घेताना एसीच्या ब्रँडपेक्षा जुन्या रिमोटच्या मागे किंवा सेलच्या खोबणीत छापलेला नमुना क्रमांक महत्त्वाचा. एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या वर्षांच्या एसींची भाषा वेगळी असू शकते, आणि दिसायला हुबेहूब रिमोट आतून वेगळा निघू शकतो. जुन्या रिमोटचा पुढून आणि मागून फोटो काढून दुकानात न्यावा. रिमोट हरवला असेल, तर युनिटच्या बाजूच्या किंवा खालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक न्यावा.

मूळ रिमोट मिळत नसेल, तर सर्व ब्रँडांना चालणारा युनिव्हर्सल रिमोट घ्यावा लागतो. त्यात शेकडो कोड आधीच भरलेले असतात आणि आपल्याला त्यांतला एक निवडायचा असतो. बटणांची नावे रिमोटप्रमाणे थोडी बदलतात, पण रीत सारखीच असते. नवे सेल घालून, एसीला वीज देऊन पण तो बंद ठेवून, दोन-तीन मीटरवर उभे राहावे. सोबतच्या कागदावर आपला ब्रँड शोधावा. त्यापुढे एक नव्हे, सहसा पाच-दहा कोड असतात. SET किंवा SELECT हे बटण पडद्यावरचा आकडा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावे, तापमानाच्या बटणांनी पहिला कोड आणावा, OK किंवा पुन्हा SET दाबावे आणि मग चालू-बंदचे बटण दाबून बीप ऐकावे. बीप आले नाही तर पुढचा कोड घ्यावा.

ब्रँड यादीत नसेल, तर आपोआप शोधण्याची सोय वापरावी. तेच बटण आणखी जास्त वेळ दाबून धरले की रिमोट एकामागून एक कोड पाठवू लागतो. रिमोट हलवू नये, युनिटवर रोखून धरावा, आणि बीप येताच कोणतेही बटण दाबून थांबवावे. हाताला थोडा उशीर होतोच आणि आकडा एक-दोन घरे पुढे सरकलेला असतो. म्हणून थांबल्यावर तो आकडा लिहून घ्यावा आणि एकेक घर मागे येत प्रत्येक कोड तपासावा.

बीप आले आणि एसी सुरू झाला, म्हणजे कोड बरोबर असे मात्र नाही, आणि घाई होते ती इथेच. मावशीच्या ब्रँडपुढे आठ कोड होते. पहिल्या कोडने एसी सुरू झाला, पण रिमोटवर २२ केले तरी युनिटवर २४ च राहिले. दुसऱ्याने बीपच आले नाही. तिसऱ्याने तापमान जुळले, पण झडप हलली नाही आणि बंदचे बटण दाबल्यावर एसी बंदही झाला नाही. चौथ्याने सगळे जुळले. म्हणून पुढील गोष्टी तपासूनच कोड पक्का करावा: तापमान १६ पासून ३० पर्यंत नेताना युनिटवरचा आकडा सोबत बदलतो, कूल, ड्राय आणि फॅन हे तिन्ही प्रकार लागतात, पंख्याचा वेग आणि झडप ऐकतात, आणि एसी बंद होतो. युनिटवर आकडा दिसत नसेल, तर कूलवर एकदा १६ आणि एकदा ३० ठेवून दहा-दहा मिनिटे थांबावे. ३० वर कॉम्प्रेसर थांबला, तर तापमान पोहोचते आहे.

युनिव्हर्सल रिमोटवर काही सुविधा मिळणारच नाहीत, हे आधीच धरून चालावे. क्षमता कमी-जास्त करण्याचे बटण, युनिटवरचे आकडे विझवण्याचे बटण, आपोआप सफाई अशा कंपनीच्या खास सोयी त्यात बहुधा नसतात. ज्या घरात त्या रोज लागतात, तिथे थोडे जास्त पैसे देऊन मूळ नमुनाच मागवावा, असे माझे मत आहे. वाय-फायचा एसी असेल, तर मोबाइलच्या अ‍ॅपवरून त्या चालू राहतात.

सेल काढले की स्वस्त युनिव्हर्सल रिमोटमधला निवडलेला कोड पुसला जाऊ शकतो, आणि पावसाळ्यात सेल काढून ठेवणे तर कोकणात आवश्यकच आहे. म्हणून मावशीच्या नव्या रिमोटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तो चौथा कोड, SET किती वेळ दाबायचे ते आणि सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवली. यंदा जूनमध्ये तिने सेल काढून ठेवले आहेत.